‘वैद्य’चा ‘वैघ’ होऊ नये म्हणून

जुन्या आयुर्वेदाच्या पुस्तकाचे पान स्कॅन करून अक्षरे ओळखणाऱ्या प्रोग्रॅमच्या हवाली केले, की पहिला बळी बहुधा ‘वैद्य’ या शब्दाचा जातो. छापलेल्या ‘द्य’मध्ये द च्या पोटातून निघालेली रेघ खाली वळून य ला भेटते. ती रेघ पुसट झाली किंवा शाईने फुगली, की यंत्राला तिथे ‘घ’ दिसतो आणि पुस्तकभर वैघ हिंडू लागतात. मग माणूस चिडून म्हणतो, ‘मराठीचे ओसीआर अजून कच्चेच आहे.’ ते थोडेफार कच्चे आहे हे खरे. पण अशा चुकांतला मोठा वाटा पान यंत्रासमोर जाण्याआधीच तयार झालेला असतो, आणि पुष्कळदा तो पान ‘स्वच्छ’ करण्याच्या नादात झालेला असतो.

हे उलगडण्यासाठी एक नमुना घेऊ. शंभरेक वर्षांपूर्वीच्या, खिळे जुळवून छापलेल्या पुस्तकात सापडेल तसे एक वाक्य मी मुद्दाम रचले आहे:

‘वैद्यांनीं सांगितल्याप्रमाणें ज्येष्ठमध दुसऱ्या दिवशीं दुधांत उगाळून घेतल्यास कोष्ठबद्धता दूर होते.’

निष्काळजीपणे तयार केलेल्या पानातून ते साधारण असे बाहेर येते:

‘वैघांनी सांगितल्याप्रमाणे ज्येष्ठमघ दुसर्या दिवशी दुघात उगाळून घेतल्यास कोष्ठबध्दता दूर होते.’

या चुका एका जातीच्या नाहीत. ‘द्य’चा ‘घ’ होणे, ‘ध’चा ‘घ’ होणे, अनुस्वार गळणे, ‘ऱ्या’चा ‘र्या’ होणे आणि ‘द्ध’ उलटून ‘ध्द’ होणे, प्रत्येकामागे वेगळे कारण असते. त्यामुळे सगळ्यांवर एकच औषध चालत नाही, उलट एकाचे औषध दुसऱ्याला बाधते.

आधी मापाचे बोलू. १२ पॉइंटाचा खिळा म्हणजे इंचाचा सहावा भाग. ३०० डीपीआयने स्कॅन केले तर त्याच्या वाट्याला ५० पिक्सेल उंची येते. पण या पन्नासात वरच्या मात्रा, वेलांट्या, रफार आणि खालचे उकार हे सगळे कुटुंब राहते. शिरोरेघेपासून पायापर्यंतचे मूळ अक्षर त्याच्या जेमतेम निम्म्यात, म्हणजे बाविसेक पिक्सेलमध्ये बसते. इंग्रजीच्या साध्या अक्षराला तेवढे पुरते. आपल्याकडे ‘द्ध’ किंवा ‘ट्ट’मध्ये त्याच बाविसात दोन व्यंजने एकाखाली एक कोंबलेली असतात, आणि त्यांच्या मधल्या पोकळ्या दोन-तीन पिक्सेलच्या उरतात. १५० डीपीआयला त्या एकेका पिक्सेलवर येतात, म्हणजे जवळजवळ नाहीशाच होतात. म्हणून इंग्रजीसाठी सर्वत्र सांगितला जाणारा ३०० चा आकडा मी जुन्या मराठी छपाईसाठी किमान मानतो आणि ४०० वर काम करतो. तळटिपा आठ पॉइंटांत असतील तर ६००. त्यापुढे जाऊन फाइल फुगते, हाती फारसे लागत नाही. टेसरॅक्टसारखा प्रोग्रॅम वाचण्याआधी प्रत्येक ओळ एका ठरावीक, लहान उंचीला आणतोच. जास्तीचे पिक्सेल उपयोगी पडतात ते त्याआधीच्या टप्प्यांत, पान सरळ करताना आणि शाई कागदापासून वेगळी काढताना.

टेसरॅक्टचे नाव आलेच आहे तर सांगतो. १९८५ ते १९९४ या काळात ह्यूलेट-पॅकार्डमध्ये तो घडला, २००५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला आणि पुढे गुगलने तो वाढवला. २०१८ मधल्या चौथ्या आवृत्तीपासून तो सुटे अक्षर न पाहता अख्खी ओळ न्यूरल नेटवर्कने वाचतो. मराठीसाठी त्याची वेगळी `mar` फाइल आहे आणि तो फुकट मिळतो. म्हणून इथली उदाहरणे त्याच्या आधाराने देतो. पानाच्या तयारीची तत्त्वे इतर प्रोग्रॅमनाही लागू पडतात.

पान हातात पुस्तकरूपाने असेल तर स्कॅनरवर ‘ब्लॅक अँड व्हाइट’ किंवा ‘टेक्स्ट’ हे पर्याय निवडू नका. ‘ग्रेस्केल’ निवडा. काळे की पांढरे हा निर्णय स्कॅनरने घाईत घेतला की तो मागे घेता येत नाही. कागद पातळ असेल आणि मागच्या पानाची छपाई पुढे झिरपून दिसत असेल तर त्या पानामागे काळा कागद सरकवा. पान एकूण थोडे करडे येईल, पण मागची अक्षरे दबतील. पुढे संगणकावर तासभर खटपट करूनही जे साधत नाही ते या एका कागदाने साधते. फाइल पीएनजी किंवा टिफमध्ये ठेवा. जेपेगचा दाब वाढला की अक्षरांच्या कडेला बारीक डागांची झालर येते, आणि जोडाक्षराच्या पोकळीत तेच डाग शाईसारखे दिसतात.

पण बहुतेकांच्या हाती पुस्तक नसतेच, असते ती कुठून तरी उतरवलेली पीडीएफ. तिचा स्क्रीनशॉट घेऊ नये, आतली मूळ चित्रे काढावीत. त्याआधी ती कशी साठवली आहेत ते पाहावे:

```
pdfimages -list pustak.pdf
pdfimages -all pustak.pdf pan
```

पहिल्या आज्ञेने आलेल्या यादीत `x-ppi` हा रकाना खरी घनता सांगतो. मुखपृष्ठावर ‘६०० डीपीआय’ लिहिले असले तरी इथे १५० दिसू शकतात. `enc` या रकान्यात `jbig2` दिसले तर मात्र सावध व्हा. ही काळ्या-पांढऱ्या पानांसाठीची दाब-पद्धत आहे. तिच्या एका प्रकारात सारख्या दिसणाऱ्या आकृत्यांचा एकच साचा साठवून तो जागोजागी वापरला जातो. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले, की झेरॉक्सच्या काही यंत्रांतून स्कॅन केलेल्या कागदांवर या युक्तीमुळे चक्क आकडे बदलत होते, ६ च्या जागी ८ येत होता. आकृती स्वच्छ, ठसठशीत आणि चूक. देवनागरीत ‘घ’ आणि ‘ध’ यांच्यातला फरक ६ आणि ८ मधल्या फरकापेक्षा मोठा नाही. असा अदलाबदलीचा संशय आला तर दुसरे स्कॅन शोधणे हाच उपाय.

आता पान सरळ करणे. चार-साडेचार इंच रुंदीची ओळ ४०० डीपीआयला अठराशे पिक्सेल लांब होते. पान फक्त एक अंश कलले असेल तर ओळीचे डावे टोक आणि उजवे टोक यांच्या उंचीत एकतीस पिक्सेलचा फरक पडतो. मूळ अक्षराची उंची तीस! म्हणजे प्रोग्रॅमने आडवी पट्टी कापून ओळ उचलली, तर एका टोकाला वरच्या ओळीचे उकार आत येतात आणि दुसऱ्या टोकाला स्वतःच्याच वेलांट्या, रफार, अनुस्वार बाहेर राहतात. इंग्रजीत ओळींमध्ये मोकळी जागा असते, तिथे हे खपून जाते. आपल्याकडे वरच्या ओळीतल्या ‘द्धू’चे शेपूट आणि खालच्या ओळीतल्या ‘र्वीं’चा रफार-अनुस्वार एकमेकांना टेकलेले असतात. म्हणून ओळ पाव अंशाच्या आत सरळ हवी.

इथे आपली शिरोरेघ मदतीला येते. पान किंचित फिरवत प्रत्येक आडव्या रांगेतले काळे पिक्सेल मोजत गेले, तर शिरोरेघा नेमक्या आडव्या झाल्या की मोजणीला उंच, टोकदार सुळके येतात. ते ज्या कोनात सर्वांत टोकदार, तोच बरोबर कोन. हे काम प्रोग्रॅम स्वतः करतात, फक्त त्यांना भुलवणाऱ्या गोष्टी आधी काढाव्या लागतात. पुस्तकाच्या शिवणीजवळची काळी सावली, शेजारच्या पानाची डोकावणारी कड, पानाभोवतीची चौकट, हे सारे आधी कापायचे. कापताना मजकुराला खेटून कापू नका. पहिल्या ओळीच्या वेलांट्या आणि शेवटच्या ओळीचे उकार सर्रास याच वेळी छाटले जातात. पानाच्या डोक्यावरचे ग्रंथनाम, पृष्ठांक आणि तळटिपा वेगळ्या तुकड्यांत काढल्या तर आणखी बरे.

शिवणीकडे पान वाकले असेल तर ओळ सरळ नसून कमानदार असते आणि कितीही फिरवली तरी सुधारत नाही. स्कॅन टेलरसारख्या प्रोग्रॅममध्ये कमानीवर वक्र रेघ बसवून ती ताणता येते. पण खरे सांगायचे तर पुस्तकावर काच ठेवून पुन्हा स्कॅन करणे अधिक झटपट होते.

आपले नमुन्याचे पान शिवणीपासून कापून घेतले आहे असे धरू. पुढचे काम एका आज्ञेत होते:

```
magick pan-014.png -colorspace Gray -background white -deskew 40% +repage -bordercolor white -border 20 pan-014s.png
```

चित्र करडे केले, सरळ केले आणि भोवती वीस पिक्सेलची पांढरी कड ठेवली. मजकूर अगदी काठाला भिडलेला असला की टेसरॅक्ट गोंधळतो. तीही अडचण त्या कडेने मिटते.

एवढे झाले की खरा मोह सुरू होतो. पान पिवळट आहे, ठिपके आहेत, शिरोरेघा तुटक आहेत. हात शिवशिवतात. त्या शिरोरेघेचेच घ्या. खिळ्यांच्या छपाईत प्रत्येक अक्षराची शिरोरेघ वेगळ्या शिशाच्या तुकड्यावर असते, त्यामुळे दोन खिळ्यांच्या मध्ये बारीक फट राहते. ‘ज्येष्ठमध’ नीट पाहिला तर शिरोरेघेत दोन-तीन पिक्सेलच्या फटी दिसतील. चित्रावरचे काम शिकवणाऱ्या पुस्तकांत यावर तयार उपाय आहे: काळा भाग थोडा फुगवायचा, फटी बुजल्या की पुन्हा आकसायचा. पाहायला फार छान दिसते. शिरोरेघ अखंड होते.

आणि ‘ज्येष्ठमध’चा ‘ज्येष्ठमघ’ होतो. कारण ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यातला मुख्य भेदच हा आहे, की ‘ध’च्या डोक्यावर डावीकडे शिरोरेघ नसते, तिथे फट असते. ‘भ’ आणि ‘म’ यांचेही तेच. खिळ्यांमधली फट बुजवणाऱ्या हत्याराला ही दुसरी फट वेगळी ओळखता येत नाही. ४०० डीपीआयला ‘ध’ची फट खिळ्यांमधल्या फटीच्या दुप्पट-तिप्पट असते, म्हणून अगदी लहान मापाने काम केले तर ती वाचते. पण शाई पसरलेल्या पानावर ती आधीच आकसलेली असते. मुळात तुटक शिरोरेघ ही ओळ म्हणून वाचणाऱ्या नव्या प्रोग्रॅमना फारशी अडचण नसते. ती आपल्या डोळ्यांना खुपते, म्हणून आपण ती सांधायला जातो. उलट बाजूने, जाड शाई पाहून अक्षरे ‘बारीक’ करायला गेलात तर ‘घ’चा ‘ध’ आणि ‘म’चा ‘भ’ होतो, आणि ‘ष’च्या पोटातली तिरपी रेघ झिजून ‘प’ उरतो. ‘वैद्य’मधला द आणि य यांना जोडणारा बारीक दोरा तुटतो तोही इथेच.

ठिपके झाडणाऱ्या चाळणीचे असेच आहे. ४०० डीपीआयला १२ पॉइंटातला अनुस्वार सहाएक पिक्सेल रुंद असतो, कागदावरची धूळ दोन-तीन. दोघांमध्ये अंतर आहे, पण ऐसपैस नाही. ३०० ला स्कॅन केलेल्या पानावर नेहमीच्या ताकदीने ठिपके झाडले की ‘दिवशीं’, ‘दुधांत’, ‘सांगितल्याप्रमाणें’ यांतले पुसट उमटलेले अनुस्वार धुळीबरोबर जातात. वेलांटीच्या कुशीतला अनुस्वार एखादे वेळी वेलांटीला चिकटून वाचतो, सुटा मात्र हमखास जातो. समासातले ठिपके खुशाल पुसा. ओळींमधले राहू द्या. चुकून आलेले टिंब मुद्रितशोधनात खोडता येते, पण गेलेले टिंब मूळ पान शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

अनुस्वारांना आणखी एक शत्रू आहे. १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम आल्यावर ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘करणें’ यांवरचे अनुच्चारित अनुस्वार गेले. प्रोग्रॅमची शिकवणी मुख्यतः आजच्या मजकुरावर झालेली असते, त्यामुळे टिंब अंधुक असले की त्याचा कल ते नसल्याचे मानण्याकडे असतो. नीट ठसठशीत टिंबही तो कधीकधी सोडून देतो. तिथे पानाच्या तयारीने फक्त अर्धे काम होते. किर्लोस्कर मासिकासारख्या प्रकाशनांतली ‘अि, अी, अु’ ही सावरकरी बाराखडी समोर आली तर तेवढेही होत नाही.

मग शाई आणि कागद वेगळे कसे करायचे? जुनी सवय अशी, की पूर्ण पानासाठी एक उंबरठा ठरवायचा, त्याहून गडद ते काळे, फिकट ते पांढरे. ओत्सूची १९७९ मधली पद्धत हा उंबरठा आपोआप शोधते आणि टेसरॅक्टही मुळात तीच वापरतो. पण शिवणीजवळ पान तांबूस आणि मध्यावर फिकट असेल, तर एक उंबरठा दोन्हीकडे बरोबर ठरत नाही. शिवणीकडे जोडाक्षरांची पोटे भरतात आणि मध्यावर बारीक रेघा गळतात. सौव्होलाची पद्धत प्रत्येक ठिपक्याभोवतीचा छोटा चौकोन पाहून तिथल्यापुरता उंबरठा ठरवते. हा चौकोन अक्षरापेक्षा मोठा हवा, साधारण एका ओळीएवढा. तो अक्षराहून लहान ठेवला तर ‘द्ध’च्या शाईने गच्च भागात त्याला कागद दिसतच नाही, आणि अक्षर आतून पोकळ होते. टेसरॅक्टच्या पाचव्या आवृत्तीत ही पद्धत आतच आहे:

```
tesseract pan-014s.png pan-014s -l mar --psm 6 --dpi 400 -c thresholding_method=2 -c tessedit_write_images=1
```

`--psm 6` म्हणजे पानावर एकच सलग मजकूर आहे असे सांगणे. शेवटचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्यामुळे प्रोग्रॅमने स्वतःसाठी केलेली काळी-पांढरी प्रत फाइल म्हणून मिळते, आणि त्याला काय दिसले ते आपल्यालाही दिसते. मात्र ही काळी-पांढरी प्रत त्याला लागते ती ओळी आणि शब्द कुठे आहेत हे शोधायला. अक्षरे वाचताना नवा टेसरॅक्ट करडे चित्र मिळाले तर तेच वापरतो. म्हणून आपण आधीच पान काळे-पांढरे करून दिले तर त्याच्या हातचे काढून घेतो. ‘द्य’मधला जो दोरा उंबरठ्याखाली गेला, तो करड्या चित्रात फिकट का होईना, शिल्लक असतो.

ही प्रत चौपट मोठी करून पाहायची आणि चारच ठिकाणी नजर टाकायची. ‘कोष्ठबद्धता’मधल्या ‘द्ध’च्या पोटात पांढरे दिसते का? ‘ज्येष्ठमध’च्या ‘ध’ला डोक्यावर फट आहे का? ‘दुधांत’वरचा अनुस्वार जागेवर आहे का? आणि ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्य’चा आडवा आकडा शिरोरेघेखाली सुटा दिसतो की तिला चिकटला? हा आकडा मराठीची खास चीज. तो वर सरकून रफार झाला तर ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या, त्याचा ‘दर्या’ म्हणजे समुद्र होतो. हिंदीत तो नाही, म्हणून `hin` फाइलने मराठी पान वाचवू नये. आलेल्या मजकुरात तो मोजावा. मराठीच्या कोणत्याही भरगच्च पानावर ‘दुसऱ्या’, ‘बऱ्याच’, ‘करणाऱ्या’ यांपैकी कोणी ना कोणी असतेच. ‘ऱ्’ एकदाही सापडला नाही तर काहीतरी बिघडले आहे हे नक्की. शोधताना एवढे ध्यानात ठेवावे, की हेच रूप संगणकात साधा र आणि एक अदृश्य सांधा वापरूनही लिहिले जाते, तेव्हा दोन्ही तऱ्हांनी शोधावे. तसेच ‘वैघ’, ‘विघा’, ‘ध्द’ हेही शोधून पाहावेत. ते ठिकठिकाणी निघाले तर हाताने दुरुस्त करत बसण्याऐवजी मागे जाऊन उंबरठा बदलावा.

पूर्ण पुस्तक एका फटक्यात चालवण्याआधी दहा-बारा ओळी हाताने अचूक टाइप करून ठेवाव्यात. सुरुवातीचे एक पान, मधले एक आणि शिवणीशी सर्वांत काळवंडलेले एक, यांतून त्या निवडाव्यात. तयारीत एक बदल करावा, त्या ओळी पुन्हा वाचवून घ्याव्यात, किती अक्षरे चुकली ते मोजावे, मगच दुसरा बदल. मोजताना ‘ष्ठ’ किंवा ‘द्ध’ हे एकच अक्षर धरावे. संगणकाच्या हिशेबात ‘द्ध’ म्हणजे द, हलन्त आणि ध असे तीन तुकडे असतात, त्यामुळे एका जोडाक्षराची वाट लागली तरी टक्केवारी भलतीच चांगली दिसते.

काही पानांपुढे मात्र इलाज नाही. झिजलेल्या खिळ्यांवर जादा शाई आणि जादा दाब पडून ‘द्ध’, ‘द्व’, ‘द्य’ यांची पोटे कागदावरच भरून गेली असतील, तर कोणतीही चाळणी ती पुन्हा उघडू शकत नाही. तिथे माणूससुद्धा मागचापुढचा शब्द पाहूनच वाचत असतो. अशा वेळी त्याच आवृत्तीची दुसरी प्रत दुसऱ्या ग्रंथालयात मिळते का ते पाहावे. एकाच फर्म्याचे सगळे कागद सारख्या शाईने उठत नाहीत. जे पान एका प्रतीत गच्च भरले आहे ते दुसऱ्या प्रतीत स्वच्छ असू शकते, आणि तेवढे एक पान स्कॅन करून आणले तरी काम भागते.